अडीच गिगचा पोर्ट: घरच्या नेटवर्कच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ३ मे २०२५

नवा राऊटर आज आला. मागच्या बाजूला पाच पोर्ट आहेत. एक वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचा, त्यावर २.५G लिहिलंय. लॅनचे, म्हणजे घरातल्या मशिनांसाठीचे चार, पण त्यातल्या एकावरच २.५G आहे, उरलेले तीन साधे एक गिगाबिटचे. खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत "२.५ गिगाबिट" छापलंय, मात्र असे पोर्ट किती ते खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत आहे. घेण्याआधी ते वाचलं होतं, म्हणून धक्का बसला नाही.

हे सगळं दादासाठी चाललंय. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एका लग्नाचं शूटिंग साधारण ४०० जीबी भरतं. ते जिन्याखालच्या कपाटातल्या नॅसवर असतं. नॅस म्हणजे नेटवर्कवरून फाईली पुरवणारं मशीन, आमच्याकडे माझा जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि दोन हार्ड डिस्क, एकीची प्रत दुसरीवर. दादाची खोली वरच्या मजल्यावर. कपाटापासून तिथपर्यंत भिंतीतून एकच वायर गेली आहे, २०१३ मध्ये घर बांधताना पाइपातून टाकलेली. वर भिंतीत जॅक आहे. लांबी अंदाजे २४ मीटर.

राऊटर लावला, नेट सुरू झालं. काही बदलण्याआधी आजचा वेग लिहून ठेवतो, नाहीतर नंतर फरक कशाशी ताडणार? नॅसवर नेटवर्कचा वेग मोजणारं `iperf3 -s` चालू ठेवलं आणि दादाच्या पीसीवरून:

```
iperf3 -c 192.168.1.20
```

आकडा आला ९४१ Mbits/sec. गिगाबिटच्या दुव्यावर हाच यायला हवा. हजारातले उरलेले डेटाच्या प्रत्येक पाकिटाच्या मथळ्यांत आणि दोन पाकिटांमधल्या मोकळ्या जागेत जातात. फाईल कॉपी करताना हेच सेकंदाला साधारण ११२ एमबी दिसतं. म्हणजे ४०० जीबीला एक तास.

दादा वरून ओरडला, "राऊटर बदललास ना? मग कॉपी तेवढाच वेळ का घेतेय रे?"

रविवार, ४ मे

सकाळी नॅसची वायर राऊटरच्या २.५G लॅन पोर्टमध्ये लावली. आकडा ९४१ च. तसंच होणार होतं, पण दादाला दाखवायचं होतं. नॅसवर `ethtool` चालवून त्याला स्क्रीन दाखवली:

```
ethtool enp2s0 | grep Speed
        Speed: 1000Mb/s
```

वायरीच्या दोन्ही टोकांचे पोर्ट एकमेकांशी बोलून दोघांना जमेल असा सर्वात मोठा वेग ठरवतात. राऊटर अडीच म्हणाला तरी नॅसचं कार्ड एकच म्हणतं, मग ठरतं एक. दादाच्या पीसीचंही तसंच. त्याचा मदरबोर्ड २०१८ चा, त्यात गिगाबिटचाच पोर्ट आहे.

वहीत वाट काढून पाहिली. नॅसचं कार्ड, वायर, राऊटरचा पोर्ट, राऊटरचा दुसरा पोर्ट, पॅच कॉर्ड, भिंतीतली वायर, पुन्हा पॅच कॉर्ड, पीसीचं कार्ड. यातली एक जागा जरी एक गिगाबिटची राहिली तरी पूर्ण वाट एक गिगाबिटची होते. आणि नेमकी राऊटरमध्येच अशी जागा आहे. लॅनला अडीचचा पोर्ट एकच, मशिनं दोन. दोन्ही टोकांना नवी कार्डं घेतली तरी एक मशीन एक गिगाबिटच्या पोर्टवरच बसणार.

काही राऊटरांत सेटिंगमधून इंटरनेटची वायर साध्या पोर्टवर हलवता येते. मग २.५G चे दोन्ही पोर्ट लॅनला मोकळे होतात आणि दोनच मशिनं असतील तर स्विच, म्हणजे मशिनं एकमेकांना जोडणारा जास्तीच्या पोर्टांचा डबा, लागत नाही. आमच्या राऊटरची सेटिंग्ज नीट चाळली, ती सोय त्यात नाही. म्हणून स्विच घ्यायचा. पाच पोर्टचा, पाचही २.५G. तो कपाटात नॅसशेजारी बसेल, आणि त्याची एक वायर राऊटरच्या २.५G पोर्टला जाईल.

वही बंद करताना एक गोष्ट लक्षात आली. दादाच्या पीसीकडून नॅसकडे जाणारा डेटा आता स्विचमध्येच वळणार, राऊटरपर्यंत जाणारच नाही. राऊटर फक्त पत्ते वाटेल आणि इंटरनेटचं पाहील. म्हणजे जुना राऊटर ठेवून नुसता स्विच आणि दोन कार्डं घेतली असती तरी दादाचं काम इतक्याच वेगात झालं असतं. राऊटर बदलायचाच होता, वरच्या खोलीत वायफाय नीट पोचत नव्हतं. पण कुणी केवळ फाईल कॉपीसाठी राऊटर घ्यायला निघाला असेल तर त्याने आधी अशी वाट काढून पाहावी.

बुधवार, ७ मे

खरेदी झाली.

नॅसच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची छोटी खाच मोकळी आहे. तिच्यासाठी रिअलटेक आरटीएल८१२५बी चिपचं कार्ड घेतलं. दादाच्या पीसीत छोटी खाच आहे, पण ग्राफिक्स कार्ड इतकं जाड की ती त्याच्याखाली झाकली गेली आहे. म्हणून त्याला यूएसबी अडॅप्टर, आरटीएल८१५६बी चिपचा. स्विच पंख्याशिवायचा आहे. कपाट बंद असतं, आणि आतून दिवसभर घरघर नको असं वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं.

पॅच कॉर्ड बाजारातून आणल्या. खालच्या मजल्यासाठी एक मीटरच्या तीन, आणि वर एक दहा मीटरची, कारण दादाचं टेबल जॅकच्या समोरच्या भिंतीला आहे. सगळ्यांवर कॅट ६ छापलंय.

एक मित्र सर्व्हरच्या कामात आहे. त्याच्याकडे इंटेलचं एक्स ५४० कार्ड पडून होतं, दहा गिगाबिटचं. "हे घेऊन जा, दहा चालतं म्हणजे अडीच चालेलच," म्हणाला. पण ते कार्ड अडीचच्या आधीच्या पिढीतलं आहे. ते दहा, एक किंवा शंभर मेगाबिट एवढंच बोलतं. अडीचच्या स्विचला लावलं की दोघांना जमणारा मोठ्यात मोठा वेग एकच उरतो. त्यानंतरच्या एक्स ५५० मध्ये अडीच आणि पाच आले. जुनं दहाचं सामान स्वस्तात मिळत असेल तर माहितीपत्रकात २.५G हा आकडा स्वतंत्र लिहिलाय का ते बघायचं. कार्ड आभार मानून परत केलं.

शनिवार, १० मे

नॅस बंद करून कार्ड बसवलं. डेबियन १२ ने ते लगेच ओळखलं, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला नाही. फक्त नवं कार्ड आल्याने नाव `enp3s0` झालं, म्हणून `/etc/network/interfaces` मध्ये जुनं नाव बदलावं लागलं. ते बदलेपर्यंत नॅस नेटवर्कवर दिसत नव्हता आणि खाली मॉनिटर लावून बसावं लागलं. `ethtool` ने 2500Mb/s दाखवलं.

वर दादाच्या पीसीला अडॅप्टर लावला. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये:

```
Get-NetAdapter | Select Name, LinkSpeed
```

LinkSpeed खाली 2.5 Gbps. दोन्ही टोकं अडीचची झाली. दादाने कॉपी लावली, आणि सेकंदाला ३६ एमबी! आधीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी.

`iperf3` चालवलं तर ३१२ Mbits/sec. आकडा पाहून आधी वायरीवर संशय गेला, पण खराब वायर असती तर आकडा वरखाली झाला असता. हा दर सेकंदाला ३१० ते ३१५ च्या मध्येच होता, रेषेसारखा सरळ. इतक्या ठरावीक जागी वेग अडतो तेव्हा तिथे कसली तरी ठरलेली मर्यादा असते. खाली वाकून पीसीच्या मागे टॉर्च मारला. अडॅप्टर काळ्या जिभेच्या पोर्टमध्ये होता. तो यूएसबी २. त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, हातात येतात तीनशेच्या आसपास. शेजारी निळ्या जिभेचे, म्हणजे यूएसबी ३ चे, दोन पोर्ट होते, एकात कीबोर्ड आणि दुसऱ्यात प्रिंटर. घाईत मोकळा दिसला तो काळा.

LinkSpeed हा फक्त अडॅप्टर आणि स्विच यांच्यातला वेग असतो. अडॅप्टर आणि पीसी यांच्यामध्ये काय चाललंय ते त्यात दिसत नाही. म्हणून नुसतं 2.5 Gbps वाचून थांबायचं नाही, डेटा ढकलून पाहायचाच.

कीबोर्ड काळ्यात, अडॅप्टर निळ्यात. आकडा: २.३५ Gbits/sec. उलट दिशेने, `-R` लावून, २.३४. दादा मागे उभा होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि खाली चहा सांगायला गेला.

रविवार, ११ मे

चहा लवकर झाला. रात्री अकराला दादाचा फोन, कॉपी मध्येच तुटली. सकाळी पाहिलं तर विंडोज दर थोड्या वेळाने केबल निघाल्याचं दाखवत होतं आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा जोडलं जात होतं. नुसतं ब्राउझिंग चालू असताना काही कळत नाही. मोठी कॉपी लावली की होतं.

दादाचं ठाम मत, भिंतीतली वायर बारा वर्षांची झाली, ती गेली. "फोडूया का भिंत?" माझ्याही मनात तेच होतं. पण भिंत फोडण्याआधी भिंत बाजूला काढून पाहता येतं.

वहिनीचा लॅपटॉप घेतला, अडॅप्टर त्याला लावला आणि वरच्या जॅकपाशी जमिनीवर बसलो. जॅकला दादाच्या जुन्या सेटपची एक मीटरची पॅच कॉर्ड लावली आणि अर्ध्या तासाची परीक्षा सुरू केली:

```
iperf3 -c 192.168.1.20 -t 1800
```

अर्धा तास २.३५, एकदाही तुटलं नाही. म्हणजे भिंतीतली वायर, तिचे दोन्ही जॅक, खालची कॉर्ड, स्विच, नॅस, अडॅप्टर हे सगळं निर्दोष ठरलं. मग त्याच लॅपटॉपला, त्याच जॅकवर, नवी दहा मीटरची कॉर्ड लावली. चौथ्या मिनिटाला तुटलं. पुन्हा लावली, सातव्या मिनिटाला. दोष नव्या कॉर्डमध्ये होता.

तिचं एक टोक कापलं. आठातली एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरं चकचकीत लागलं, स्टीलच्या ताटासारखं. जुन्या कॉर्डची तार तशीच खरवडली, ती आतपर्यंत लालसर. नवी कॉर्ड अॅल्युमिनियमची, वर तांब्याचा नुसता मुलामा. व्यापारात हिला सीसीए म्हणतात. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा बराच जास्त विरोध करतं, शिवाय ठिसूळ. ती पांढरी तार मी बोटांनी चार-पाच वेळा पुढेमागे वाकवली आणि तुटली. गिगाबिटला हीच कॉर्ड कदाचित वर्षानुवर्षं चालली असती. अडीचला सिग्नलच्या पायऱ्या जास्त बारीक असतात, चुकीला जागा कमी उरते, आणि तिथे ती उघडी पडली.

केबलच्या नियमांप्रमाणे अशी तार कॅट ५ई किंवा कॅट ६ म्हणवून घेऊच शकत नाही, त्यांत पूर्ण तांबंच लागतं. तरी वर कॅट ६ छापून विकली जाते, आणि याचा मला मनापासून राग आहे. दुकानात खरवडून पाहता येत नाही, पण हातात तोलून पाहता येतं. त्याच लांबीची तांब्याची कॉर्ड जाणवेल इतकी जड असते. आणि आवरणावर किंवा पाकिटावर "शुद्ध तांबं" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घ्यायची नाही.

मंगळवार, १३ मे

तांब्याची दहा मीटरची कॉर्ड मिळाली, कॅट ५ई. दुकानदार कॅट ८ घ्या म्हणत होता. गरज नाही. अडीच गिगाबिटचं मानक, आयईईई ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं तेच मुळी जगभरच्या इमारतींत आधीच टाकलेल्या कॅट ५ई वायरी न उपसता वेग वाढावा म्हणून. दहा गिगाबिटची सिग्नल पाठवायची पद्धत घेऊन तिचा ठोका एक चतुर्थांश केला, म्हणून सिग्नल जुन्या वायरीच्या आवाक्यात बसला. चांगल्या कॅट ५ई वर तो १०० मीटर जातो. आमच्या भिंतीतली आणि दोन्ही कॉर्ड धरून पस्तीस मीटरच्या आसपास आहे. दादाला हे सांगितल्यावर त्याने भिंतीकडे पाहून नुसती मान डोलावली.

दिवसभर परीक्षा, एकदाही तुटलं नाही.

आता कॉपीचा खरा आकडा. `iperf3` ला २.३५, म्हणजे सेकंदाला २८० एमबीच्या आसपास यायला हवेत. आले १७५. आणि एका जुन्या लग्नाच्या फोल्डरला तर १२० वर आले.

इथे नेटवर्क संपलं आणि डिस्क सुरू झाली. `iperf3` डिस्कला हात लावत नाही, मेमरीतूनच डेटा ढकलतो. म्हणून हे दोन आकडे वेगळे निघाले की अडचण वायरीत नाही हे कळतं. हार्ड डिस्कची तबकडी बाहेरच्या कडेला जास्त डेटा धरते, आतल्या बाजूला कमी. फिरण्याचा वेग मात्र तोच. त्यामुळे डिस्क भरत आली की आतल्या बाजूच्या फाईली जवळजवळ निम्म्या वेगाने येतात. दोन डिस्कांवर एकच प्रत असली तरी एक मोठी फाईल सलग वाचताना दोघींचा वेग जुळून दुप्पट होत नाही.

४०० जीबीला १७५ ने अडतीस मिनिटं. तासावरून अडतीस मिनिटं हा फायदा आहेच, पण अडीच गिगच्या वायरीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग रिकामा जातोय.

शनिवार, १७ मे

नॅसमध्ये दोन टीबीची साटा एसएसडी लावली, `/srv/chalu` म्हणून. सध्या हातात असलेली लग्नं तिथे, काम संपलं की रात्री हार्ड डिस्कवर हलवायची. त्यासाठी `rsync` ची छोटी ओळ रात्री दोनला लावून ठेवली. प्रत होईपर्यंत कार्डांवरचं मूळ शूटिंग पुसायचं नाही असं दादाशी ठरलं, कारण एसएसडी एकच आहे आणि तिची दुसरी प्रत नाही.

साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर देते, म्हणजे आता पुन्हा वायरच मर्यादा ठरली. कॉपी २८१. ४०० जीबीला चोवीस मिनिटं. दादाला कॉपी न करताच थेट नॅसवरून टाइमलाइन चालवून बघायची होती. एका कॅमेऱ्याची चालत होतीच, आता तीन कॅमेरे एकाखाली एक ठेवून चालवले आणि अडकलं नाही.

जंबो फ्रेम, म्हणजे डेटाची मोठी पाकिटं, लावू का, असा विचार आला होता. त्याने २.३५ चे फार तर २.४७ होतील. पण मग प्रत्येक मशीन आणि स्विच त्याला जुळवावं लागतं, आणि एखादं राहिलं की मोठ्या फाईली मध्येच लटकतात. सोडून दिलं.

रविवार, २५ मे

आठवडाभर दोन लग्नांचं काम झालं. स्विच हाताला कोमट लागतो, गरम नाही. कपाटाच्या दाराला खालून बोटभर फट ठेवली आहे.

वहिनीने विचारलं, "भाऊजी, मग नेट किती फास्ट झालं आपलं?" नेट होतं तिथेच आहे. आमचा प्लॅन ३०० मेगाबिटचा, आणि नेटवाल्याच्या फायबरच्या डब्याला गिगाबिटचाच पोर्ट. त्यामुळे राऊटरचा २.५G वॅन पोर्टही त्याच्याशी एक गिगाबिटवरच बोलतो. प्लॅन एक गिगाबिटच्या वर गेला आणि त्या डब्यातही अडीचचा पोर्ट आला, तरच त्या पोर्टचा उपयोग. तिच्या लॅपटॉपचा वायफाय दुवा १२०१ मेगाबिटचा, हातात सातशे-साडेसातशे येतात. तिला अडीचने काही फरक पडत नाही, आणि अडॅप्टर घेऊन द्यायची गरजही नाही. तिचं काम मेल आणि बिलांचं आहे.

पाच पोर्टांपैकी तीन भरले: नॅस, दादाचा पीसी, राऊटर. चौथ्यात दादाच्या मदतनिसाचं मशीन जूनमध्ये येणार आहे. त्याच्या मदरबोर्डवर २.५G पोर्ट आधीच आहे, फक्त कॉर्ड लागेल. पाच मीटरची तांब्याची आणून ठेवली, टोकाची एक तार खरवडून पाहिली, लाल निघाली, आणि कॉर्डच्या त्या टोकाला नवा कनेक्टर बसवला.